मोझॅक प्लॉट: मोठा तुकडा विहिरीचा, गडद रंग कालव्याचा

प्रश्न: आमच्या भागातल्या २४० कापूस उत्पादकांची पाहणी केली. ओलिताची सोय (कोरडवाहू, विहीर, कालवा) आणि पऱ्हाटी वावरातून कधी काढली (डिसेंबरअखेर, जानेवारीत, फेब्रुवारीत किंवा नंतर) या दोन गोष्टींचा R मध्ये मोझॅक प्लॉट काढला. फेब्रुवारीच्या ओळीत विहिरीचा चौकोन कालव्याच्या चौकोनापेक्षा मोठा दिसतो, पण गडद निळा रंग कालव्याला आला आहे. साहेब म्हणतात विहीरवाले जास्त उशीर करतात, मला वाटतं कालव्यावाले. खरं काय? रुंदी, उंची आणि क्षेत्रफळ यातलं नेमकं वाचायचं काय?

उत्तर:

साहेबांचंही बरोबर आहे आणि तुमचंही. तुम्ही दोघं एकाच चित्राला दोन वेगळे प्रश्न विचारत आहात. फेब्रुवारीपर्यंत किंवा त्यानंतरही पऱ्हाटी उभी ठेवणारे सगळ्यात जास्त लोक कोणत्या गटात आहेत, हा साहेबांचा प्रश्न. त्याचं उत्तर क्षेत्रफळ देतं: विहीर. एखाद्या गटातल्या शेतकऱ्याने पऱ्हाटी उशिरा काढण्याचं प्रमाण कुठे जास्त आहे, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर उंची देते: कालवा. रंग तिसरीच गोष्ट सांगतो. तिच्याकडे शेवटी येऊ, कारण रंगापासून वाचायला सुरुवात केली की हमखास गोंधळ होतो.

तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून समजण्यापुरते मी माझे आकडे घेतो. एकूण २४०च धरले आहेत आणि तुम्ही वर्णन केलेलंच चित्र त्यातून तयार होतं. हे कोणत्याही गावाचे प्रत्यक्ष आकडे नाहीत.

| | डिसेंबरअखेर | जानेवारीत | फेब्रुवारी वा नंतर | एकूण |
|---|---|---|---|---|
| कोरडवाहू | ९० | ४५ | १५ | १५० |
| विहीर | १५ | २१ | २४ | ६० |
| कालवा | ३ | ६ | २१ | ३० |
| एकूण | १०८ | ७२ | ६० | २४० |

संगणक बाजूला ठेवा आणि हे चित्र एकदा आलेख कागदावर हाताने काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर मोझॅक प्लॉट वाचताना अडत नाही. १२ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच आयत आखा. त्याचं क्षेत्रफळ १२० चौरस सेंमी आणि शेतकरी २४०, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये २ शेतकरी. हे माप शेवटपर्यंत बदलणार नाही.

आता एका वावराच्या वाटण्या करायच्या आहेत असं समजा. पहिली वाटणी ओलिताच्या सोयीप्रमाणे, उभे धुरे टाकून. कोरडवाहू १५० म्हणजे २४० पैकी ६२.५ टक्के, म्हणून १२ सेंमीपैकी ७.५ सेंमी रुंद पट्टा त्यांचा. विहिरीचे ६०, त्यांचा पट्टा ३ सेंमी. कालव्याचे ३०, त्यांचा १.५ सेंमी. या टप्प्यावर पऱ्हाटीचा विचारच झालेला नाही. पट्ट्याची रुंदी फक्त त्या गटात किती शेतकरी आहेत तेवढंच सांगते.

दुसरी वाटणी प्रत्येक पट्ट्यात वेगळी, आडवे धुरे टाकून. कोरडवाहूत डिसेंबरअखेर काढणारे १५० पैकी ९०, म्हणजे ६० टक्के, म्हणून वरून ६ सेंमीवर धुरा. मग जानेवारीचे ३० टक्के, ३ सेंमी. उरलेला तळाचा १ सेंमी फेब्रुवारीचा. विहिरीच्या पट्ट्यात ६० पैकी १५, २१ आणि २४, म्हणजे वरून खाली २.५, ३.५ आणि ४ सेंमी. कालव्याच्या पट्ट्यात १, २ आणि ७ सेंमी.

आता तळाचे, म्हणजे फेब्रुवारीचे दोन तुकडे पट्टीने मोजा. विहिरीचा ३ सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच आहे, म्हणजे १२ चौरस सेंमी, म्हणजे २४ शेतकरी. कालव्याचा १.५ सेंमी रुंद आणि ७ सेंमी उंच, म्हणजे १०.५ चौरस सेंमी, म्हणजे २१ शेतकरी. विहिरीचा तुकडा क्षेत्रफळाने मोठा आहे, पण तो रुंदीमुळे मोठा झाला आहे. त्या गटात माणसंच दुप्पट आहेत. उंची बघितली तर कालवा ७० टक्के, विहीर ४० टक्के आणि कोरडवाहू १० टक्के. क्षेत्रफळ हा गुणाकार आहे. एक बाजू गटाच्या आकाराची आणि दुसरी गटातल्या प्रमाणाची. नुसता गुणाकार बघून कोणती बाजू मोठी आहे ते कळत नाही, हीच तुमची अडचण होती.

म्हणून वाचण्याचा क्रम असा ठेवा. आधी रुंदी बघा आणि गट किती मोठे आहेत ते मनात ठेवा. मग एकाच पातळीचे तुकडे डावीकडून उजवीकडे बघत जा आणि फक्त उंचीची तुलना करा. क्षेत्रफळाकडे शेवटी वळा, प्रत्यक्ष माणसं किती हे हवं असेल तेव्हा.

उंचीची तुलना करताना डोळा कुठे फसतो तेही सांगतो. सगळ्यात वरचे तुकडे वरच्या कडेला लागून असतात आणि तळाचे तुकडे खालच्या कडेला. त्यामुळे त्यांची तुलना सोपी जाते. मधले तुकडे मात्र कुठेही टेकलेले नसतात. कोरडवाहूचा जानेवारीचा तुकडा ३ सेंमी आहे आणि विहिरीचा ३.५ सेंमी. दोघांची सुरुवात वेगवेगळ्या उंचीवर होते आणि रुंदीही वेगळी आहे, त्यामुळे अंदाज लागत नाही. बहुतेकांना कोरडवाहूचा जास्त उंच वाटतो, कारण तो अडीचपट रुंद आहे. मधल्या वर्गाबद्दल काही लिहायचं असेल तर डोळ्यावर विसंबू नका, टक्केवारीचा तक्ता काढा. आणि ज्या वर्गाबद्दल तुम्हाला मुख्यतः बोलायचं आहे तो वरच्या किंवा खालच्या कडेला येईल असा क्रम लावा. तुमच्या विषयात तो फेब्रुवारीचा आहे, कारण गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खाद्य पुरवते ती हीच लांबवलेली पऱ्हाटी, म्हणजे फरदड. हंगाम डिसेंबरअखेर संपवा अशी शिफारस असते ती त्यासाठीच.

R मध्ये हे असं निघतं:

```r
pahani <- matrix(c(90,45,15, 15,21,24, 3,6,21),
  nrow = 3, byrow = TRUE,
  dimnames = list(olit = c("korad","vihir","kalva"),
                  kadhli = c("Dec","Jan","Feb+")))
mosaicplot(pahani, shade = TRUE, main = "")
prop.table(pahani, 1)
```

`mosaicplot` पहिल्या चलाचे उभे पट्टे करतं आणि दुसऱ्या चलाचे तुकडे वरून खाली लावतं. म्हणून वर `Dec` आणि तळाला `Feb+`. `vcd` या पॅकेजमधलं `mosaic()` वापरलंत तर सुरुवात आडव्या पट्ट्यांनी होते. तिथे रुंदी आणि उंचीच्या भूमिकांची अदलाबदल झालेली असते. दुसऱ्याने काढलेलं चित्र हातात आलं तर पहिली गोष्ट हीच बघा: कोणते धुरे चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेले आहेत? जे सरळ गेले ती पहिली वाटणी. जे पट्ट्यागणिक तुटतात आणि वरखाली होतात ती दुसरी.

माहिती एक्सेलमधून आणून `table()` केलं असेल तर वर्गांचा क्रम अक्षरांप्रमाणे लागतो: `Dec`, `Feb+`, `Jan`. फेब्रुवारी मधोमध जाऊन बसतो आणि जानेवारी तळाला. नावं देवनागरीत असली तरी सुटका नाही, तिथे जानेवारी डिसेंबरच्या आधी येतो. चित्र निघतं, चूक दिसत नाही आणि तळाचा तुकडा फेब्रुवारीचा समजून वाचला जातो. म्हणून `table()` करण्याआधीच ही ओळ घाला, इथे `d` म्हणजे एक्सेलमधून आणलेली माहिती:

```r
d$kadhli <- factor(d$kadhli, levels = c("Dec","Jan","Feb+"))
```

तुकड्यांमधली पांढरी जागा म्हणजे नुसता धुरा आहे, ती मोजणीत धरायची नाही. मात्र एखाद्या खान्यात शून्य असेल तर तिथे तुकड्याऐवजी फक्त बारीक रेघ उरते आणि ती धुऱ्यात हरवते. एखाद्या पट्ट्यात तीनऐवजी दोनच तुकडे दिसले तर तक्त्यात जाऊन बघा. तो शून्य खरा आहे की नोंदवहीत वर्गाचं नाव दोन प्रकारे लिहिलं गेलं आहे?

आता साहेबांच्या प्रश्नाकडे. त्यांना हवं आहे ते त्याच आकड्यांतून, पण वाटणीचा क्रम उलटा करून स्पष्ट दिसतं:

```r
mosaicplot(t(pahani), shade = TRUE, main = "")
```

इथे पहिली वाटणी महिन्याप्रमाणे होते. डिसेंबरचा पट्टा ४५ टक्के रुंद, जानेवारीचा ३० आणि फेब्रुवारीचा २५. फेब्रुवारीच्या पट्ट्यात ६० शेतकरी आहेत, त्यात कोरडवाहू १५, विहीर २४, कालवा २१. म्हणजे २५, ४० आणि ३५ टक्के उंची. आता विहिरीचा तुकडाच उंच आहे. नऊही तुकड्यांचं क्षेत्रफळ तसंच राहिलं, आकार मात्र बदलले. पहिल्या चित्रात कालव्याचा तुकडा अरुंद आणि उंच होता, इथे तो रुंद आणि बुटका झाला.

दोन्ही चित्रं खरी आहेत, पण त्यांचा उपयोग वेगळा. पाणी हाताशी असलं की पऱ्हाटी लांबते का, हे बघायचं असेल तर ओलीत पहिलं घ्या, कारण ती सोय आधीपासून असते आणि काढणीचा निर्णय नंतर होतो. ज्याचा परिणाम तपासायचा ते पहिलं आणि जे घडलं ते दुसरं. पण समजा, उशीर करणाऱ्यांच्या बांधावर जायचं आहे, दिवस मोजके आहेत आणि सगळ्यात जास्त माणसं कुठे भेटतील हे ठरवायचं आहे. तेव्हा उलटं चित्र जास्त कामाचं. अहवालात दोन्ही टाकायला हरकत नाही, फक्त कोणतं चित्र कोणत्या प्रश्नासाठी आहे ते खाली एका ओळीत लिहा.

उलट्या चित्रावर मात्र एक मोठी अट आहे. तुम्ही शेतकरी कसे निवडले यावर ते पूर्ण अवलंबून असतं. यादीतून चिठ्ठ्या टाकून २४० जण घेतले असतील तर पट्ट्यांची रुंदी तुमच्या भागाचं साधारण चित्र दाखवते. पण बरेचदा पाहणी करणारा ठरवतो की प्रत्येक गटातले ८० घ्यायचे, म्हणजे तुलना बरोबरीची होईल. तसं केलं असेल तर तिन्ही पट्टे सारखेच रुंद येतात. ती रुंदी तुम्हीच ठरवलेली असते, गावाबद्दल ती काहीच सांगत नाही. उंची तरीही विश्वासाची राहते: १०, ४० आणि ७० टक्के. उलटं चित्र मात्र बिघडतं. ८० पैकी उशीर करणारे कोरडवाहूत ८, विहिरीत ३२, कालव्यात ५६, एकूण ९६. त्यात कालव्याचा वाटा ५८ टक्के झाला, मघाशी तो ३५ होता. गावात काहीच बदललेलं नाही, बदलली ती तुमची निवड. साहेबांनी तो ५८ टक्क्यांचा आकडा धरून नियोजन केलं तर ते चुकेल. म्हणून रुंदी वाचण्याआधी शेतकरी कसे निवडले ते विचारा. दुसऱ्याच्या चित्रात पट्टे अगदी सारखे रुंद दिसले तर ही शंका लगेच यायला हवी.

शेतीच्या विषयात आणखी एक घोटाळा होतो. क्षेत्रफळ दिसलं की माणूस एकर समजतो. इथे क्षेत्रफळ म्हणजे शेतकऱ्यांची संख्या, एकर नव्हे. तक्त्यात माणसांऐवजी एकर भरून चित्र काढता येतं आणि बोंडअळीच्या दृष्टीने उशिरा उभं राहिलेलं एकूण क्षेत्र किती, हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे. पण तेव्हा `shade = TRUE` काढून टाका. रंगाचा हिशोब मोजलेल्या नगांवर उभा आहे. एकराऐवजी गुंठे भरले तर प्रत्येक आकडा ४० पट होतो आणि रंगामागचा आकडा ४० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सहापटीहून जास्त फुगतो. जमीन तीच, पऱ्हाटी तीच, फक्त माप बदललं आणि चित्र लाल-निळं झालं. अशा रंगाला काही अर्थ उरत नाही.

आता रंग. मोझॅक चित्राची मूळ कल्पना हार्टिगन आणि क्लाइनर यांनी १९८१ साली मांडली, आणि त्यात अपेक्षेपेक्षा कमी-जास्त दाखवणारे रंग भरण्याची पद्धत मायकेल फ्रेंडली यांनी १९९४ च्या लेखात नीट बसवली. त्यामागचा विचार सोपा आहे. ओलिताचा आणि काढणीचा काहीच संबंध नसता तर काय दिसलं असतं? एकूण २४० मध्ये डिसेंबर ४५ टक्के, जानेवारी ३० आणि फेब्रुवारी २५. संबंध नसता तर तिन्ही पट्ट्यांत हीच वाटणी झाली असती आणि आडवे धुरे डावीकडून उजवीकडे एका ओळीत गेले असते. धुरे जितके वरखाली, तितका संबंध जास्त. चित्राकडे लांबून बघितलं तरी हे कळतं, त्यासाठी रंगाचीही गरज नाही.

रंग हा फरक प्रत्येक तुकड्यासाठी आकड्यात मोजतो. कालव्याचे ३० शेतकरी, त्यांतले २५ टक्के म्हणजे ७.५ जण फेब्रुवारीत अपेक्षित होते. प्रत्यक्षात आहेत २१. फरक १३.५. त्याला ७.५ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.७४ ने भागलं की ४.९३ येतात. याला रेसिड्युअल म्हणतात. R मध्ये २ च्या पुढे फिका निळा आणि ४ च्या पुढे गडद निळा येतो. उणे बाजूला तसेच लाल रंग, आणि लाल तुकड्याची कड तुटक रेघेची असते. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये निळं-लाल ओळखायला ती तुटक कडच कामी येते. हे आकडे असे बघा:

```r
chisq.test(pahani)$expected
round(chisq.test(pahani)$residuals, 2)
```

आपल्या उदाहरणात कोरडवाहूचे २.७४, ०, उणे ३.६७ येतात. विहिरीचे उणे २.३१, ०.७१, २.३२. कालव्याचे उणे २.८६, उणे १ आणि ४.९३. नऊपैकी सहा तुकडे रंगीत, आणि जानेवारीचे तिन्ही पांढरे. कोरडवाहूचा जानेवारीचा तुकडा बघा. ४५ शेतकरी, चित्रातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा तुकडा, आणि तरी रेसिड्युअल बरोबर शून्य. अपेक्षाच ४५ ची होती. मोठा तुकडा म्हणजे विशेष तुकडा नव्हे.

उलट बाजूने, गडद रंग म्हणजे सगळ्यात मोठा फरक असंही नाही, आणि इथे R चं चित्र स्वतःच थोडी दिशाभूल करतं. बाजूच्या पट्टीवर `Standardized Residuals` असं लिहिलेलं असतं, पण रंग भरलेले असतात ते वर सांगितलेल्या साध्या पिअर्सन रेसिड्युअलचे. त्यांत एक दोष आहे. कोरडवाहू शेतकरी एकूणांत ६२.५ टक्के आहेत, म्हणून एकूण टक्केवारी मुख्यतः तेच ठरवतात. त्यांची तुलना बरीचशी स्वतःशीच होते आणि फरक दबतो. हा परिणाम काढून टाकलेले आकडे `chisq.test(pahani)$stdres` मध्ये मिळतात. तिथे कालव्याच्या फेब्रुवारीचा आकडा सुमारे ६.१ येतो आणि कोरडवाहूच्या फेब्रुवारीचा उणे ६.९. म्हणजे चित्रात फिका लाल दिसणारा तो तुकडा या हिशोबात सगळ्यात ठळक आहे. कोरडवाहूवाले उशीर फारच कमी करतात, ही बातमी कालव्याच्या बातमीइतकीच पक्की आहे. अहवालात फक्त गडद निळ्यावर लिहिलंत तर अर्धी गोष्ट राहून जाईल.

रंग माणसांच्या संख्येवरही अवलंबून असतो, हे विसरू नका. वरचा प्रत्येक आकडा तिसरा हिस्सा करा: ३०, १५, ५, ५, ७, ८, १, २, ७. आता एकूण ८० शेतकरी. सगळी टक्केवारी तीच, त्यामुळे चित्राचे धुरे केसभरही हलत नाहीत. पण प्रत्येक रेसिड्युअल ३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३ ने भागला जातो. सहाऐवजी दोनच तुकडे रंगीत उरतात: कोरडवाहूचा फेब्रुवारी उणे २.१२ आणि कालव्याचा २.८५, दोन्ही फिके. संबंध तेवढाच आहे, पुरावा कमी झाला. म्हणून "पांढरं आहे म्हणजे संबंध नाही" असं म्हणू नका. आकार संबंध किती ते सांगतो, आणि रंग तो योगायोग म्हणून सोडून देता येईल का ते सांगतो.

अरुंद पट्ट्याची उंची वाचताना हात जरा आखडता ठेवा. आपल्या कागदी चित्रात कालव्याच्या पट्ट्यात एक शेतकरी म्हणजे ३.३ मिलिमीटर उंची. कोरडवाहूत तोच एक शेतकरी ०.७ मिलिमीटरही नाही. तीन जणांची नोंद चुकली तर कालव्याची टक्केवारी १० ने हलते, कोरडवाहूची २ ने. चित्रात दोन्ही कडा सारख्याच ठाम रेघेने काढलेल्या असतात, ही अनिश्चितता कुठेच दिसत नाही. मी नेहमी पट्ट्याच्या नावाखाली संख्या लिहून टाकतो: कालवा (३०). वाचणाऱ्याला तेवढ्याने सावध होता येतं.

आणि ते ३० जण कुठले आहेत तेही बघा. सगळे एकाच गावचे, एकाच वितरिकेवरचे असतील तर ते ३० स्वतंत्र निर्णय नाहीत. पाण्याची पाळी एकदमच येते, एकाने पाणी दिलं की शेजारचाही देतो. रंगाचा हिशोब प्रत्येकाला स्वतंत्र धरतो, म्हणून अशा वेळी गडद निळा रंग खऱ्यापेक्षा जास्त खात्री दाखवतो. चित्र बदलायची गरज नाही, पण गावांची संख्या चित्राखाली द्या. तुमच्याकडे कालव्याची तीन-चार गावं असतील तर प्रत्येकाची टक्केवारी वेगळी काढा. सगळीकडे ६० ते ८० च्या आसपास येत असेल तर बिनधास्त लिहा. एका गावात ९५ आणि दुसऱ्यात ३० येत असेल तर ती गोष्ट कालव्याची नसून त्या गावाची आहे.

शेवटी कोरडवाहूतल्या उशीर करणाऱ्यांबद्दल, माझ्या तक्त्यात ते १५ आहेत. चित्रात तो तळाचा रुंद, चपटा तुकडा आहे आणि नजरेतून सहज सुटतो. पाणी नसताना फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी कशासाठी ठेवली असेल? बहुतेक वेळा वेचणी कधीच संपलेली असते आणि वाळलेली पऱ्हाटी सरपणासाठी किंवा उपटायला मजूर मिळत नाही म्हणून तशीच उभी असते. ओलिताच्या वावरातली हिरवी, पाते-बोंडं धरलेली फरदड आणि ही वाळकी पऱ्हाटी तुमच्या प्रश्नावलीने एकाच खान्यात टाकली आहे. वाळक्या पऱ्हाटीवर किडकी बोंडं राहिली असतील तर तीही धोक्याचीच, पण दोन्हींवरचा उपाय वेगळा. नोंदवहीत शेवटच्या वेचणीची तारीख असेल तर हा वर्ग दोन भागांत तोडा, "फरदड" आणि "वाळकी उभी", आणि चित्र पुन्हा काढा. प्रत्येक पट्ट्यात तीनऐवजी चार वर्ग होतील. फरदड सगळ्यात खाली ठेवा, म्हणजे तिची उंची तिन्ही पट्ट्यांत एका नजरेत जुळवता येईल.